तीन दिवस, पाच दिवस, चार दिवस

रिक्रूटरला निरोप पाठवायचा तर आधी त्याचं पोट कशावर चालतं हे माहीत असलेलं बरं. ठाणे, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं शोधणारे बहुतेक जण कंपनीचे नोकर नसतात. ते सल्लागार संस्थेत असतात. त्यांनी सुचवलेला माणूस रुजू झाला की कंपनी त्या संस्थेला त्याच्या वार्षिक पगाराचा काही भाग देते. सर्रास चालणारा दर ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एक महिन्याचा पगार. त्यातही एक कलम असतं: माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीन महिन्यांच्या आत, सोडून गेला, तर बदली माणूस फुकट शोधून द्यायचा किंवा पैसे परत करायचे. त्यामुळे रिक्रूटर कुणाचाही बायोडेटा वाचतो तो दोनच शंका मनात धरून. ही व्यक्ती ठरलेल्या दिवशी येईल का, आणि तीन महिने टिकेल का?

प्रसूती रजेनंतर परतणाऱ्या बाईचा निरोप त्याच्या फोनवर येतो तेव्हा या दोन्ही शंका एकदम जाग्या होतात. त्यात निरोप असा असला, की ‘मी नुकतीच आई झाले आहे, मला पुन्हा काम सुरू करायचं आहे, वेळेत थोडी सवलत मिळेल का?’, तर पुढे पाठवण्याजोगं त्याच्या हाती काहीच लागत नाही. थोडी सवलत म्हणजे किती, आणि किती दिवस? कंपनीच्या मॅनेजरला तो काय सांगणार? मग तो ‘कळवतो’ म्हणतो आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो. यात दुष्टपणा थोडा असेलही, पण मोठा वाटा या अडचणीचा आहे.

म्हणून या प्रकरणात एकच निरोप घेऊ आणि तो शेवटपर्यंत उलगडून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातल्या तारखा आणि आकडे कॅलेंडर समोर ठेवून काढले आहेत.

समजा, कोपरीत राहणारी एक बाई अकाउंट्स पेयेबलमध्ये काम करते. कंपनीला माल पुरवणाऱ्यांची बिलं तपासायची, नोंदवायची, टीडीएस कापायचा आणि पैसे वेळेवर सोडायचे, असं हे काम. सहा वर्षांचा अनुभव आहे. ऑफिस परळ भागात. तिची प्रसूती रजा १७ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाली आणि १२ डिसेंबरला बाळ झालं. कायद्याने मिळणारे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि ते १७ मे २०२६ ला पुरे होतात. पुन्हा परळला जायची तिची इच्छा नाही. कोपरी ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आहे. नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाड्यांचे फलाट याच बाजूला आहेत. गाडी ठाण्यातूनच सुटते, मध्ये एक दिघा गाव, की ऐरोली. परळची गाडी मात्र कल्याण-डोंबिवलीहून भरूनच येते. नुसती वेळ मागेपुढे करून परळचा प्रवास सुटत नाही. लाइन बदलली तर बरंच सुटतं. म्हणून ऐरोलीतल्या एका कंपनीत अशाच कामाची जागा आहे, असं रिक्रूटरने कळवलं तेव्हा तिने लगेच उत्तर द्यायचं ठरवलं.

निरोप लिहिण्याआधी तिला एक तारीख पक्की करायची होती, आणि इथेच पुष्कळजणी फसतात.

रिक्रूटरला ‘लगेच रुजू होणारा’ उमेदवार आवडतो. तो म्हणतो, ‘रजेवरच आहात ना, मग १ मेपासून या की!’ हे करायचं नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात स्पष्ट म्हटलं होतं, की मंजूर रजेच्या काळात बाईने कुठल्याही आस्थापनेत काम केलं तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा तिचा हक्क जातो. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी जवळपास तशाच घेतल्या आहेत. तेव्हा १७ मेच्या आत मुलाखत द्यायला हरकत नाही, काम मात्र सुरू करायचं नाही.

दुसरा अडसर नोटीस पिरियडचा. तिच्या नेमणूकपत्रात ६० दिवस लिहिले आहेत. रजेच्या काळात कंपनी तिला काढू शकत नाही, पण ती स्वतः राजीनामा देऊ शकते. प्रश्न असतो तो हे ६० दिवस रजेतच मोजले जाणार का, याचा. कायदा याबद्दल बोलत नाही, कंपनीचं धोरण बोलतं. काही कंपन्या मोजू देतात, काही म्हणतात की आधी हजर व्हा आणि मग नोटीस सुरू करा. दुसऱ्या प्रकारात १८ मेला हजर होऊन १६ जुलैपर्यंत परळलाच जावं लागलं असतं, आणि ऐरोलीत टप्प्याटप्प्याने रुजू होण्याच्या सगळ्या बेताला अर्थ उरला नसता, कारण बाळाच्या सहाव्या-सातव्या महिन्यातच रोजची पूर्ण वेळ दगदग होऊन गेली असती. म्हणून तिने आधी जुन्या कंपनीच्या एचआरला ईमेल केली आणि नोटीस रजेत मोजली जाईल, १७ मे हा शेवटचा दिवस असेल, असं लेखी उत्तर घेतलं. मगच नव्या जागेसाठी ८ जून ही तारीख धरली. सोमवार आहे, बाळाला चार दिवसांनी सहा महिने पूर्ण होतात, वरचं खाणं तेव्हाच सुरू होतं. मधले तीन आठवडे पाळणाघराची सवय लावायला.

आता निरोप. ठाण्यातली रिक्रूटर मराठी असेल तर मराठीत चालतो, नाहीतर हाच मजकूर इंग्रजीत जातो. मांडणी तीच राहते.

‘नमस्कार मॅडम. ऐरोलीच्या अकाउंट्स पेयेबलच्या जागेसाठी माझा बायोडेटा जोडला आहे. याच कामाचा सहा वर्षांचा अनुभव. एसएपीमध्ये महिन्याला साधारण ९०० बिलं, पुरवठादारांची खाती जुळवणं आणि टीडीएस माझ्याकडे होतं. राहायला कोपरी, ठाणे पूर्व. ८ जून २०२६, सोमवारी रुजू होऊ शकते. सध्या प्रसूती रजेवर आहे, ती १७ मेला संपते आणि त्याच दिवशी मी आधीच्या कंपनीतून मोकळी होते. नोटीस शिल्लक नाही.

‘एक गोष्ट मुलाखतीआधीच सांगते. पहिले आठ आठवडे मला टप्प्याने रुजू व्हायचं आहे. ८ ते २६ जून आठवड्यातून तीन दिवस: सोमवार, मंगळवार, गुरुवार. २९ जून ते ३ जुलै महिनाअखेरचं क्लोजिंग असल्याने पाचही दिवस. ६ ते ३१ जुलै आठवड्यातून चार दिवस, बुधवारी सुट्टी. ३ ऑगस्टपासून कायम पूर्ण वेळ. न आलेल्या दिवसांचा पगार अपेक्षित नाही. वेळ साडेनऊ ते साडेसहाऐवजी साडेआठ ते साडेपाच अशी हवी आहे, ती ३ ऑगस्टनंतरही. क्लोजिंगच्या पाच दिवसांत साडेपाचनंतर काम राहिलं तर रात्री घरून पूर्ण करीन. बाळाच्या देखभालीची सोय झालेली आहे.

‘हा दुसरा परिच्छेद आहे तसा कंपनीला पाठवलात तरी चालेल. त्यांना तारखांमध्ये बदल हवा असेल तर मी बोलायला तयार आहे.’

एवढाच. यात ‘आई’ हा शब्द नाही, ‘कृपया समजून घ्या’ नाही, आणि बाळ रात्री किती वेळा उठतं हेही नाही. आता हे असंच का, ते पाहू.

पहिल्या परिच्छेदात प्रसूती रजेचा उल्लेख आहे, पण ‘करिअर ब्रेक’चा नाही. फरक कागदोपत्री आहे. पगारी प्रसूती रजेत बाई नोकरीतच असते, तिचा पगार निघतो, पीएफ भरला जातो. जुन्या कंपनीच्या रिलिव्हिंग लेटरवर १७ मे २०२६ हीच तारीख येणार आणि पीएफच्या पासबुकातही खाडा दिसणार नाही. नवी कंपनी पार्श्वभूमीची पडताळणी करते तेव्हा हेच दोन कागद बघते. तेव्हा बायोडेट्यात नोकरीचा काळ मे २०२६ पर्यंत लिहायचा. जी बाई तिथे नोव्हेंबर २०२५ लिहून पुढे सहा महिन्यांची मोकळी जागा सोडते, ती स्वतःच्याच अनुभवातलं अर्धं वर्ष कापून टाकते, आणि वर कागद जुळत नाहीत म्हणून खुलासे देत बसते. ब्रेक खराखुरा असेल, रजा संपल्यावर दोन-तीन वर्षं घरी गेली असतील, तर गोष्ट वेगळी. तशा बायकांसाठी टाटा समूहाने २००८ मध्ये दुसऱ्या कारकिर्दीचा एक कार्यक्रम सुरू केला होता. त्यात सुमारे ५०० तासांचा प्रकल्प काही महिन्यांत सवडीने पूर्ण करायचा असे. पण त्या वाटेचा निरोप निराळा, आणि आपल्या उदाहरणातल्या बाईला त्याची गरज नाही.

रजेचा उल्लेखच टाळावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. भरती करताना केवळ बाई आहे म्हणून डावलू नये असं १९७६ चा समान वेतन कायदा सांगत असे आणि त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिताही सांगते, पण फोनवर परत न आलेल्या उत्तराविरुद्ध ती वापरता येत नाही. आणि टप्प्याने यायचं आहे हे सांगायचं तर कारण एका वाक्यात सांगितलेलंच बरं. नाहीतर समोरचा आजारपण, दुसरी नोकरी, परीक्षा असं काहीही कल्पितो.

दुसऱ्या परिच्छेदातली गोम चौथ्या आठवड्यात आहे. पहिल्या खर्ड्यात बहुतेक जणी ‘पहिला महिना तीन दिवस, दुसरा महिना चार दिवस’ असं लिहितील. ऐकायला सुटसुटीत, पण कॅलेंडरवर ठेवून पाहा. हिशेबाच्या कामात महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन कामाचे दिवस क्लोजिंगचे असतात. तेव्हा बिलांची नोंद बंद होते, राहिलेल्या खर्चाच्या तरतुदी होतात, खाती जुळवली जातात, आणि त्या दिवसांत मॅनेजर कुणाला साधी रजाही देत नाही. जून २०२६ चे शेवटचे दोन दिवस म्हणजे सोमवार २९ आणि मंगळवार ३०. जुलैचे पहिले तीन म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार. अख्खं क्लोजिंग एकाच आठवड्यात बसलं आहे, आणि तो नेमका तिचा चौथा आठवडा. तिथे ‘मी तीनच दिवस येणार’ असं लिहिलेला निरोप मॅनेजर पहिल्याच वाचनात बाजूला ठेवील, आणि त्याचं चुकणारही नाही. तोच आठवडा तिने आपण होऊन पूर्ण दिला, की मॅनेजरला दिसतं की या बाईला काम माहीत आहे. बायोडेट्यातल्या सहा वर्षांपेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

दुसऱ्या कामांचे अडलेले दिवस दुसरे असतात. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बाईचे रिलीजच्या आदल्या दिवशी, शाळेतल्या शिक्षिकेचे परीक्षेच्या आठवड्यात, पगार विभागातल्या बाईचे २५ तारखेच्या आसपास. सवलत मागण्याआधी आपल्या कामातले हे दिवस शोधायचे आणि ते आधी देऊन टाकायचे. मग बाकीचे मागायला तोंड राहतं.

आठच आठवडे का, हाही विचार करून घेतलेला आकडा आहे. एवढ्यात दोन क्लोजिंग येतात: पहिलं पूर्ण आठवडा देऊन, दुसरं जुलैअखेरीला चार दिवसांच्या आठवड्यात सुरू होऊन ३ ऑगस्टनंतर पूर्ण वेळेत संपणारं. शिवाय रिक्रूटरची तीन महिन्यांची मुदत मोजा. ८ जूनपासून तीन महिने म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा. तोवर ही बाई महिनाभर पूर्ण वेळ कामावर असेल. सहा महिन्यांचा टप्पा मागितला असता, तर रिक्रूटरला मुदतीच्या शेवटीही ती टिकणार की नाही हे कळलं नसतं. मोठी कंपनी स्वतःहून देते तेव्हा सहा महिनेही मिळतात. व्होडाफोनने मार्च २०१५ मध्ये जगभरच्या आपल्या कंपन्यांसाठी जाहीर केलं होतं, की प्रसूतीनंतर परतणाऱ्या बायकांनी पहिले सहा महिने आठवड्याला ३० तास काम करावं आणि पगार पूर्ण घ्यावा. पण ते चालू नोकरीत परतणाऱ्यांसाठी होतं. नव्या दारात उभं राहून एवढं मागता येत नाही.

कायदा इथे किती मदत करतो? फार थोडी. या विषयात मुंबई इलाखा देशाच्या पुढे होता. गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून मुंबई विधिमंडळात आलेल्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. देशाचा १९६१ मध्ये आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. तेव्हापासून आजवर सगळा भर आहे तो रजेवर. परतीच्या पहिल्या दिवसापासून पुढचे दोन महिने कसे जावेत, याबद्दल भारतीय कायद्यात टप्प्याटप्प्याने रुजू होण्याचा हक्क नाही. रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद २०१७ ला आली, पण तीही कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि दोघांच्या संमतीने. ती नव्या मालकावर लादता येत नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वेळेतल्या बदलाची लेखी मागणी करता येते आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे असा अर्ज आणि अशी मुदत नाही, म्हणून निरोपातच अर्जाचं सगळं सामान भरावं लागतं: काय बदल हवा, कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत.

कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र नव्या नोकरीतही उपयोगाच्या आहेत. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज स्तनपानासाठी दोन विश्रांत्या द्याव्या लागतात. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. पाळणाघर आवारातच हवं असं नाही, ठरावीक अंतरात आणि इतर कंपन्यांबरोबर सामाईकही चालतं. कागदावर हे उत्तम आहे. पण आपल्या बाईचं बाळ कोपरीत आहे, तिच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या पाळणाघरात. सहा महिन्यांचं पोर सकाळच्या ऐरोली लोकलमध्ये रोज नेण्यापेक्षा तिला हेच बरं वाटतं. मग ऐरोलीतल्या दोन छोट्या विश्रांत्यांत ती करणार काय? दूध काढून ठेवायला स्वच्छ बंद खोली आणि फ्रिज असेल तर त्या तशा वापरता येतात. नसेल तर दोन्ही जोडून दिवसाच्या शेवटी घ्याव्यात आणि तेवढं आधी निघावं, अशी मागणी करता येते. मात्र ती मान्य करणं कंपनीच्या मर्जीवर आहे. १५ महिने तिच्या बाबतीत १२ मार्च २०२७ ला पुरे होतात. ही चर्चा पहिल्या निरोपात घालू नये. ऑफर आल्यावर कंपनीच्या एचआरशी थेट करावी. रिक्रूटरला त्यातलं काही ठरवता येत नाही, आणि निरोप जितका लांबतो तितका तो कमी वाचला जातो.

वेळेच्या मागणीतही तिने एकच तास हलवला आहे. साडेआठला पोहोचायचं तर कोपरीतून पावणेआठच्या सुमारास निघायचं. संध्याकाळी साडेपाचला सुटून साडेसहाच्या आत पाळणाघर, कारण ते सातला बंद होतं. एकूण तास तेवढेच. ‘लवचिक वेळ’ असं मोघम लिहिलं असतं, तर उत्तर बहुधा ‘हो, आमच्याकडे हायब्रिड आहे’ असं आलं असतं. हायब्रिड म्हणजे काही दिवस घरून काम, पण घरूनही साडेनऊ ते साडेसहाच. पाळणाघर सातला बंद होतं या अडचणीवर त्याचा उपयोग नाही, आणि घरी बाळ समोर असताना तर उलट त्रास. घरून काम बायकांना फार सोयीचं असतं, असं कंपन्या मोठ्या उत्साहाने सांगतात. आयसीआयसीआय बँकेने २०१६ मध्ये बायकांसाठी वर्षभर घरून काम करण्याची योजना आणली होती आणि तिचं कौतुकही झालं. लांब राहणाऱ्यांना ती सोय मोठीच. पण घरात दुसरं माणूस नसेल, तर सहा महिन्यांच्या बाळाबरोबर पुरवठादारांची खाती जुळवून दाखवा!

रिक्रूटरची उत्तरं ठरावीक असतात, आणि त्यांचा अर्थ लावता आला पाहिजे. ‘क्लायंटकडे पार्ट टाइम जागा नाही’ म्हणजे त्याने परिच्छेद पुरता वाचलेला नाही. त्यावर भांडायचं नाही, एकच ओळ लिहायची: ‘जागा पूर्ण वेळच हवी आहे. ८ जून ते ३१ जुलै या ४० कामाच्या दिवसांपैकी मी ३० दिवस येईन, पुढे सगळे.’ मोजून बघा: नऊ, पाच आणि सोळा. ‘इतके दिवस थांबता येणार नाही, लगेच येणारा हवा’ म्हणजे अडचण टप्प्यांची नाही, जागा तातडीची आहे. तिथे वेळ घालवू नये. सगळ्यात फसवं उत्तर सगळ्यात गोड असतं: ‘काही प्रॉब्लेम नाही, जॉइन झाल्यावर मॅनेजरशी बोलून घ्या.’ याचा अर्थ बहुधा असा, की त्याने कंपनीला काहीच सांगितलेलं नाही. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं विचारतात तेव्हा हे तपासता येतं. ‘आठ आठवड्यांचा माझा बेत तुमच्यापर्यंत आला आहे ना?’ मॅनेजर क्षणभर कोरा बघतो की मान हलवतो, एवढ्यावरून कळतं. कोरा बघितला तर तिथेच तारखांसह सांगून टाकायचं. ८ जूनला सकाळी सांगण्यापेक्षा ते लाखपटीने बरं.

आता पैशाचं, कारण खरी चूक इथे महाग पडते. समजा पगार महिना ६०,००० ठरला. न आलेले दिवस दहा: जूनमध्ये सहा, जुलैमध्ये चार. पण एका दिवसाचा पगार किती? काही कंपन्या महिन्याच्या एकूण दिवसांनी भागतात. तसं केलं तर जूनमध्ये दिवसाला २,०००, जुलैत सुमारे १,९३५, आणि दहा दिवसांची कपात सुमारे १९,७०० होते. काही कंपन्या कामाच्या दिवसांनी भागतात, जूनमध्ये २२ आणि जुलैत २३. मग दिवस अनुक्रमे सुमारे २,७२७ आणि २,६०९ चा होतो आणि कपात जाते सुमारे २६,८०० वर. त्याच दहा दिवसांसाठी सात हजारांचा फरक. मधल्या सरकारी सुट्ट्या इथे धरलेल्या नाहीत. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली लागू होणार हे सही करण्याआधी विचारायचं असतं.

त्याहून मोठा धोका आकड्याच्या जागेचा. ऑफर लेटरमध्ये पगार ६०,००० च दिसला पाहिजे, आणि टप्प्याचं वेगळं जोडपत्र हवं, ज्यात सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा असतील. एखादा उत्साही एचआर सोपं म्हणून ऑफरमध्येच कमी पगार लिहितो आणि ‘पूर्ण वेळ झाल्यावर वाढवू’ म्हणतो. तसं झालं तर ३ ऑगस्टला पगार आपोआप पूर्ण होत नाही, ती एक नवी मंजुरी ठरते. पुढची वेतनवाढ त्या कमी आकड्यावर मोजली जाते, आणि पुढच्या रिक्रूटरने ‘सध्याचा सीटीसी किती?’ विचारलं की तोच आकडा सांगावा लागतो. जोडपत्रात आणखी एक वाक्य मागून घ्यावं, की टप्प्याचे आठवडे परिवीक्षेच्या सहा महिन्यांत धरले जातील आणि त्यामुळे परिवीक्षा लांबणार नाही. नाहीतर डिसेंबरमध्ये कायम होण्याच्या वेळी कुणीतरी आठवण काढतं, की या बाई पहिले दोन महिने पुऱ्या नव्हत्याच.

जून संपल्यावर पहिलं पगारपत्रक येईल, तेव्हा रकमेच्या आधी ‘पगारी दिवस’ हा रकाना बघायचा. तिच्या बाबतीत जूनच्या पहिल्या सात तारखा रुजू होण्याआधीच्या आणि सहा दिवस टप्प्याचे. कॅलेंडरच्या पद्धतीने ३० पैकी १७ दिवस आणि ३४,००० रुपये यायला हवेत. आकडा कमी असेल, तर बहुधा सॉफ्टवेअरने ते सहा दिवस विनापगारी गैरहजेरी म्हणून धरून त्यांच्याबरोबर मधले शनिवार-रविवारही कापलेले असतात. ते त्याच आठवड्यात, जोडपत्राची प्रत लावून, पगार विभागाला ईमेलने कळवायचं.